कलशाआधी बादली

नवरा सातपूरच्या कारखान्यात माल तपासतो, पण ताबा घेण्याआधी नवा फ्लॅट पाहताना तोही हरखला होता. दिसेल तो दोष आम्ही फोनवर टिपत गेलो. रंगाचा ओघळ, गळका नळ, पुन्हा रंग. साइट इंजिनिअरने वरच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "रंगाचंच आहे ना मॅडम, होऊन जाईल."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी सगळी यादी खोलीवार लावली. प्रत्येक खोलीत गंभीर ते आधी, किरकोळ ते शेवटी. स्वयंपाकघरात पहिलं, ओट्यावरच्या प्लगला अर्थिंग नाही. बाथरूममध्ये पहिलं, उतार उलटा, पाणी जाळीऐवजी बेडरूमच्या दारात येतं. रंग तळाला गेला. नवऱ्याने पुढे मुदती घातल्या: अर्थिंग दोन दिवसांत, उतार पंधरा दिवसांत, रंग महिन्याभरात, मग पुन्हा एकत्र पाहणी. फोटो जोडून मेल पाठवला.

लगेच इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, उतारासाठी फरशी काढावी लागेल. वीस दिवस तरी द्या."

मी जागच्या जागी उडीच मारली. "होऊन जाईल" म्हणणारा माणूस चक्क दिवसांसाठी घासाघीस करत होता!

नव्या घरात आधी कलश न्यावा, असं सासूबाई सांगत होत्या. फेरपाहणीला आम्ही बादली नेली. मी पाणी ओतलं, ते सरळ जाळीकडे धावलं आणि मी अशी ओरडले की वरच्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट बघायला आलेल्या काकू धावत खाली आल्या.

बादलीकडे बघून म्हणाल्या, "आता आमच्याकडेही ओता."