दाराखालची उजेडाची रेघ

पिंपरीच्या बाजारात कापडाच्या दुकानांवर एक वाचनालय आहे. तिथे दर रविवारी सकाळी कथा वाचायचा आणि लिहायचा वर्ग भरतो. आम्ही आठ-दहा जण असतो, बहुतेक निवृत्त. शिकवणाऱ्या मॅडम पस्तिशीच्या, कॉलेजात मराठी शिकवतात. मी त्या वर्गाला गेलो ते साहित्याच्या ओढीने, असं मी घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं. वाचनालयाच्या फळ्यावर मी त्यांचं पूर्ण नाव वाचलं होतं, आणि मधलं नाव, म्हणजे वडिलांचं, मला ठाऊक होतं. त्या माणसाला मी भोसरीच्या एका कारखान्यात मेलेलं पाहिलं होतं. मॅडम तेव्हा चार वर्षांच्या होत्या. मी कोण हे त्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

सहा महिने मी मागच्या खुर्चीवर बसलो. त्यांना काही सांगावं असं दर रविवारी ठरवायचो आणि बसने दिघीला परत यायचो. मग एकदा त्यांनी सगळ्यांना एक भयकथा लिहून आणायला सांगितली. मी लिहिली. सांगता येत नाही ते निदान गोष्टीत घालावं, ते कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि माझं मन मात्र हलकं होईल, असा माझा हिशेब होता.

गोष्ट अशी होती. डोंगराच्या उतारावर एक जुना दगडी बंगला. त्याच्या तळघरात व्हार्निशचे डबे ठेवलेले. एक पॉलिशवाला सकाळी तळघरात कामाला उतरतो आणि तिथेच गुदमरून मरतो. पुढे कित्येक वर्षं बंगल्याच्या वरच्या मजल्यावर त्याची पावलं वाजतात. सगळं सांगतो तो बंगल्याचा राखणदार. तो म्हणतो, पॉलिशवाला प्यायलेला होता, तळघराचं उतारावर निघणारं मागचं दार उघडं होतं, तरी त्याला बाहेर पडता आलं नाही.

मॅडमनी माझे कागद सगळ्यांना वाचायला दिले आणि पुढच्या रविवारी त्यावरच बोलायचं ठरवलं.

"भारी लिहिलंय राव," आमच्यातले एक निवृत्त टर्नर म्हणाले. वर्गातला हशा त्यांच्याच जिवावर चालतो. "वाचून मी दोन दिवस कपाटातले लाडू काढायला गेलो न्हाई. बायको म्हणली, भुतापेक्षा साखरेला घाबरा."

मॅडम हसल्या. मग त्यांनी फळ्यावर बंगल्याचा नकाशा काढला. जिना, तळघर, बंद खिडकी, मागचं दार. माझ्या गोष्टीत जे जे होतं ते त्यांनी मोजून त्या चौकटीत बसवलं.

"भयकथेत जागेकडे दोन तऱ्हांनी बघता येतं," त्या म्हणाल्या. "घुबड, धुकं, करकरणारा जिना, ही झाली सजावट. ती काढली तर भीती कमी होते, पण गोष्ट तशीच राहते. दुसरी जागा गोष्ट घडवते. ती ओळखायची कशी? ही गोष्ट उचला आणि काळेवाडीतल्या एखाद्या चाळीत नेऊन ठेवा. मरेल का पॉलिशवाला?"

"चाळीत? शेजारी मरू देतील व्हय!" टर्नर म्हणाले. "नुसतं खोकला तरी चार जणं विचारतात."

"बरोबर. म्हणजे हा बंगला नुसता पडदा नाही. तो माणसाला मारतो. आता बघू कसा." त्यांनी नकाशावर बाण काढायला सुरुवात केली. "पॉलिशवाला जिना उतरतो. हा त्याचा शेवटचा स्वतःचा निर्णय. पुढचं सगळं बंगला ठरवतो. पावसाने फुगलेली खिडकी उघडत नाही. वाफ साठते. दिवा विझतो, म्हणून जिना सापडत नाही. एकेक वाट बंद होते आणि माणूस उरलेल्या एकाच वाटेकडे वळतो. अशा कथेत कथानक म्हणजे काय, तर जागेने बंद करत आणलेले पर्याय."

मी मान हलवत होतो. मला बरंसुद्धा वाटत होतं. आपलं लिहिणं कुणीतरी इतक्या बारकाईने वाचलं याचा आनंद झाला होता, हेही लपवत नाही.

"आता अडचण," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझा कागद उचलला. "काकांनी इथे लिहिलंय, पॉलिशवाला गुडघ्यांवर सरपटत 'दाराखालच्या उजेडाच्या रेघेकडे' निघाला. बाहेर सकाळ आहे. दार उघडं असेल तर उजेड कसा दिसेल?"

त्यांनी नकाशातल्या मागच्या दारावर खडू टेकवला.

"सगळं दार भरून दिसेल," त्याच म्हणाल्या. "रेघ दिसते ती दार बंद असलं तरच."

मी माझ्या प्रतीत ती ओळ शोधली. ती तिथे होती.

"मॅडम, भुताच्या गोष्टीत लॉजिक कशाला?" टर्नर म्हणाले.

"भुताला नको. भिंतींना हवं. या प्रकारच्या कथेत सांगणारा खोटं बोलू शकतो, जागा खोटं बोलत नाही. जुना गुन्हा भिंतीत मुरलेला असतो आणि कुठल्या तरी फटीतून बाहेर येतो. आता राखणदाराकडे बघा. जागा नुसतं काय घडणार ते ठरवत नाही, तिथे राहणाऱ्याला ती आपल्यासारखा करून सोडते. हा राखणदार रोज विहिरीवर जायला बंगल्याला पूर्वेकडून वळसा घालतो. मागच्या दारावरून सरळ वाट असताना. का?"

"भुताला भिऊन."

"भूत वरच्या मजल्यावर आहे. पावलं वर वाजतात. त्या मजल्यावर हा झोपतो, मजेत. तो भितो ते फक्त मागच्या दाराला. भुताला भिणारा माणूस असा वागत नाही. दार बाहेरून ज्याने लावलं तो असा वागतो."

"आयला," टर्नर माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, तुमच्या वॉचमननेच गेम केला की! आन तुमाला पत्ताच न्हाई!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "लेखकाला पुष्कळदा माहीत नसतं, काका. पण छान पेरलंय तुम्ही."

मी पेरलं नव्हतं. ती रेघ मी मुद्दाम घातली नव्हती. दार उघडं, हे वाक्य मी तीस वर्षं इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आता माझ्या तोंडी आपोआप यायचं. आणि तरी लिहिताना माझ्या हाताने दार बंद करून ठेवलं होतं. मी उठलो, जिन्यापर्यंत गेलो आणि तिथेच पायरीवर बसलो.

काय घडलं होतं ते आता लिहितो.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असे. त्या दिवशी वीज नसायची, म्हणून साफसफाई गुरुवारी काढायचो. मॅडमचे वडील स्प्रे पेंटर होते, लातूरकडचे. पेंट बूथ म्हणजे रंग फवारायची बंदिस्त खोली, तिच्याखालच्या खड्ड्यातला वाळलेला रंग थिनरने खरवडून काढायचं काम त्यांना दिलं होतं. वाफ ओढून घेणारा पंखा जनरेटरवर चालू होता. पुढचं शटर सुट्टीचं कुलूपबंद. मागचं लोखंडी दार तेवढं उघडं असायचं. सुट्टीच्या दिवशी लोक कार्ड पंच करून मागच्या दाराने चहाला सटकत आणि दुपारीच उगवत. म्हणून त्या दाराला बाहेरून कडी घालायची रीत आम्ही सुपरवायझरांनी पाडली होती. त्या दिवशीही ते मी त्यांच्यावर संशय होता म्हणून केलं नाही. सवयीने केलं. कडी घातली आणि मीच चहाला गेलो.

परत आलो तेव्हा जनरेटर बंद पडलेला होता. ती शांतता मला आधी बरी वाटली. मग कडी काढली, तर दार जड लागलं. ते आतून दाराला टेकून पडले होते.

वॉचमन यायच्या आत मी त्यांना बाजूला सरकवून दार सताड उघडून ठेवलं. कंपनीच्या चौकशीत म्हणालो, दार उघडंच होतं. मग बाहेर का आले नाहीत, असं साहेबांनी विचारलं. थिनरच्या वासात दारूचा वास होता की नाही, हे कुणाला सांगता आलं नसतं. मी म्हणालो, प्यायलेले होते. डॉक्टरांच्या कागदावर वाफेने गुदमरल्याचं होतं, पण नशेमुळे बाहेर पडता आलं नाही हे वाक्य माझं, आणि निकालात तेच राहिलं. ते दारूला शिवत नसत. शॉपमध्ये, म्हणजे आमच्या विभागात, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही.

मॅडम वर्ग संपवून बाहेर आल्या तेव्हा मी पायरीवरच होतो.

"काका, बरं वाटत नाही का? रिक्षा बोलावू?"

मी त्यांना कारखान्याचं नाव सांगितलं. मग त्यांच्या वडिलांचं. मग कडीचं आणि दारूचं. एका दमात, जसं वर लिहिलंय तसंच. त्या भिंतीला टेकल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फळ्याचं डस्टर हातात धरलं होतं, त्याचा खडू कुर्त्यावर लागत होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे मघाशी मी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग डस्टर पायरीवर ठेवून म्हणाल्या, "माझ्या निकाहात वडिलांचं नाव घेतलं तेव्हा अम्मीने मान खाली घातली होती. चाचा लोक त्यांच्याबद्दल बोलतच नाहीत. दारू पिऊन मेला म्हणून. मी लहानपणापासून अब्बांचा राग केलाय. तुम्हाला कळतंय का?"

मला कळत नव्हतं. कडीचं ओझं मी रोज वाहिलं होतं. पण दारूचा शब्द माझ्या लेखी एक सबब होता, चौकशीपुरता. तो त्या घरात जाऊन तीस वर्षं राहिला असेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या पायरीवर मला बसलेला धक्का हा होता.

त्या मला तशाच काळेवाडीला, अम्मींच्या घरी घेऊन गेल्या. त्यांच्या अम्मी शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. मुलीने पाणी दिलं नाही, अम्मींनी दिलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं.

"कुठं पडले होते?" त्यांनी विचारलं.

"दाराशी. दाराला टेकून."

"मला सांगितलं होतं, कोपऱ्यात झोपून राहिले." त्यांनी चाक सोडलं. "म्हणजे घरी यायला निघाले होते."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"ते नंतर, भाईसाब. तुम्ही शिकलेले आहात, लिहिता म्हणे. लिहून द्या. माझे दीर आहेत, त्यांची पोरं आहेत, मोहल्ल्यातली जुनी माणसं आहेत. त्यांच्यापुढं वाचून दाखवा, तुमच्या तोंडानं."

"दाराचं सगळं लिहितो," मी म्हणालो.

"दाराचं नंतर लिहा," त्या म्हणाल्या. "आधी दारूचं लिहा. ते प्यायलेले नव्हते, एवढं पहिल्या ओळीत येऊ द्या."

मॅडमनी त्यांच्या पर्समधून पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मशीनच्या फळीवर कागद ठेवला आणि पहिली ओळ लिहिली. अम्मींना वाचता येत नव्हतं, म्हणून मुलीने ती मोठ्याने वाचली. अम्मींनी ती तिला आणखी एकदा वाचायला लावली.