कडी वर बसवा

तो कागद मी काकांच्या डोळ्यांसमोर चिकटवला. आणि नुसता चिकटवला नाही, आमच्या झेरॉक्सच्या दुकानातून दुप्पट मोठा करून आणून चिकटवला. गाढवपणा करायचा तर तो ठळक अक्षरांत करावा, अशी आमची रीत.

कागद दवाखान्यातल्या सिस्टरनी काकूला दिला होता. काकांची स्मृती वर्षभर झिरपत चालली होती, आणि संध्याकाळ होऊ लागली की ते चिडायचे आणि बाहेर पडायला बघायचे. अशा माणसाला घरी कसं सांभाळायचं ते त्यावर लिहिलं होतं. काकू शाळेचे गणवेश शिवते. चष्मा लावून लावून तिचे डोळे थकलेले, म्हणून मी अक्षरं वाढवली आणि कागद दाराशेजारी लावला. काकांना परवाचं आठवत नाही, पण वाचन अजून खणखणीत आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. काका औषधाच्या बाटलीपासून दुकानाच्या पाटीपर्यंत जे दिसेल ते मोठ्यानं वाचतात.

दुपारी हात मागे बांधून ते भिंतीसमोर उभे राहिले. "रुग्णाला एकटं सोडू नका," त्यांनी वाचलं. "दाराची कडी नेहमीच्या जागेवरून काढून वर, नजरेच्या टप्प्याबाहेर बसवा." मग मान वर केली. कडी तिथंच होती.

"या घरात रुग्ण कोण आहे?"

शिवणयंत्रावरून काकूनं माझ्याकडे असं बघितलं की मी चप्पल शोधायला लागलो.

"कोण आहे म्हणतो मी! मला कोंडता? मला पाणी सोडायला जायचंय, सगळी गल्ली खोळंबलीय!"

काका पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. लांब लोखंडी चावी घेऊन रोज संध्याकाळी गल्ल्यागल्ल्यांतले वॉल्व उघडायचे. मी समजूत घालायला गेलो, "काका, तुम्ही कधीच रिटायर झालात." त्यांनी माझी कॉलर धरली. वाद घालू नका, हे त्याच कागदावर खालच्या ओळीत होतं. लावणाऱ्यानं वाचलं असतं तर बरं झालं असतं.

काकूनं त्यांचा हात सोडवला, पाणी दिलं, कागद टरकन फाडला आणि माझ्या हातात कोंबला. "जा, तुझ्या दुकानात लाव. तिथं रुग्ण भरपूर आहेत."

काकू मुळातच रागीट बाई. भाजीवाला वजनात चुकला तर भाजी परत करून वर आठवडाभर त्याच्याकडे नुसती रोखून बघायची. कागदात लिहिलं होतं, 'काळजी घेणाऱ्यानं शांत राहावं.' ती ओळ वाचून ती मागे म्हणाली होती, "शांत राहायला माणूस रात्री झोपलेला लागतो. ते कुठं लिहिलंय?" मध्यंतरी काका एकाएकी फार आक्रमक झाले, तेव्हा मात्र तिनं लगेच डॉक्टरांना दाखवलं होतं. बद्धकोष्ठ निघालं. पोट दुखतंय हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्या दिवशी ती काकांवर नाही, तर 'म्हातारपणी असंच होतं' म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांवर चिडली होती.

मी दुकानात पोहोचतो न पोहोचतो तोच तिचा फोन. "अरे, गेले."

काकांनी स्टूल ओढलं होतं आणि वरची कडी काढली होती. कडीची जागा त्यांना कुणी दाखवली ते सांगायची गरज नाही. दाराला घुंगरू बांधलेलं, पण शिवणयंत्राच्या खडखडाटात ते ऐकू आलं नाही. काकू यंत्राला शिव्या देत होती. पुढचं तिनं रागातच, पण भराभर सांगितलं. "मोटरसायकलवर गावभर हिंडू नकोस. आधी जवळचं बघ, इमारतींची आवारं, जिने, नळाच्या टाक्या. मी दुसऱ्या बाजूनं निघते. पाव तासात नाही सापडले तर चौकीवर जायचं. परवा काढलेला फोटो तुझ्या फोनमध्ये आहे ना? सदरा निळा आहे."

नाक्यावरच्या दुकानदारांनी लगेच माना हलवल्या. काकांना बाहेर एकटं पाहिलं तर फोन करा, असं तिनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. केशकर्तनालयवाल्यानं बोट दाखवलं, "पलीकडच्या सोसायटीत गेले, मी आत्ताच तुमच्या काकूला फोन लावत होतो."

काका सोसायटीच्या आवारात वॉल्वच्या खड्ड्यात वाकलेले. त्यांनी सगळ्या इमारतीचं पाणी बंद केलं होतं. भोवती माणसांचं कोंडाळं, आणि एक अंगावर साबण असलेला गृहस्थ टॉवेलवर उभा.

"चोर आहे हा! पकडा त्याला!"

"हात लावू नका," मी म्हणालो, पण माझं कोण ऐकतंय?

तेवढ्यात काकू आली. "मागं सरा सगळे! घेरू नका! ओरडलात तर ते आणखी घाबरतील." साबणवाला काही बोलणार तोच ती म्हणाली, "तुम्ही आत जा आधी, टॉवेल सुटतोय." कोंडाळं पांगलं. मग ती समोरून, काकांना दिसेल अशी, हळू गेली आणि जवळ उकिडवी बसली. आवाज असा बदलला की मला ओळखू येईना.

"सुटलं का हो पाणी?"

"जाम आहे," काका कासावीस होऊन म्हणाले. "सोडलं नाही तर लोक बोलतील."

"दिवसभर राबलात. हे आता दुसऱ्या पाळीचे बघतील. आपण चालत चालत वर कळवू या."

ते उठले. एका हातानं तिनं त्यांना धरलं, दुसऱ्या हातानं मला खूण केली, 'वॉल्व उघड.' मी उघडला. चुकीच्या बाजूनं फिरवून, मग बरोबर बाजूनं.

संध्याकाळी दादा आला, म्हणजे काकूचा मुलगा. राहतो गावातच, पलीकडच्या टोकाला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी टाकलेला काकांचा फोटो फिरत फिरत त्याच्या मित्रांच्या गटात पोहोचला होता.

"बास झालं आई. एक तर संस्थेत ठेवू, नाहीतर खोलीला बाहेरून कुलूप."

"कुलूप लावून मी वाण्याकडे गेले आणि आग लागली तर? तू विझवणार?"

"मग संस्था."

"संस्था वाईट नाही. लागेल तेव्हा मीच नेईन. पण आज का, सांग. गटात तुझी लाज गेली म्हणून?"

"मी तुझ्या तब्येतीसाठी बोलतोय."

"माझ्या तब्येतीची काळजी आहे?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की काका आतून बाहेर आले. लगेच तिनं आवाज खाली आणला, आणि राग तेवढाच ठेवला. "चार वाजले की यांना ड्युटीवर जायचं असतं. अडवलं की भडकतात. बरोबर चालत गेलं, टाकीपर्यंत जाऊन आलं, की शांत जेवतात. हे मी रोज करते, आणि रात्री जागून गणवेश पुरे करते. मला दोन तास मोकळे हवेत. ते कुठलीच संस्था मला घरी आणून देणार नाही. तू रविवारी चारला ये. हा झेरॉक्सवाला बुधवारी. तेही जमणार नसेल, तर पुन्हा या घरात संस्थेचं नाव काढायचं नाही."

दादा म्हणाला, "रविवारी माझी क्रिकेटची..."

काकू नुसती बघत राहिली. भाजीवाल्याकडे बघायची तशी.

"येतो," दादा म्हणाला.

तेव्हापासून काका घरीच आहेत. कडी मी दाराच्या अगदी तळाशी बसवून दिली आणि त्याबद्दल कुठंही काही लिहिलं नाही. काकूनं काकांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत नाव नि फोन शिवलाय. बुधवारी मी जातो. काका मला नवा मदतनीस समजतात आणि चावी धरायची पद्धत शिकवतात, मी चुकलो की चिडतात. मी वाद घालत नाही.

दादाही आला. दोनदा आला, खरंच आला. तिसऱ्या रविवारी सामना होता. काकूनं त्याला काही सुनावलं नाही. ती स्वतःच काकांना घेऊन टाकीपर्यंत गेली, आणि परतल्यावर गणवेशाची काजं करता करता मला एवढंच म्हणाली, "सांग त्याला, एक रविवार येणं आहे त्याच्याकडून."

मी सांगितलं. तो "बघतो" म्हणाला.