प्रमाणपत्राबद्दलची ती एक ओळ

आमचा कॉम्प्युटर क्लास जिंतूर-परभणी रस्त्यावरच्या बोरीत, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. मी तिथं शिकवते आणि क्लासची जाहिरातही मीच लिहिते, कारण क्लास चालवणाऱ्या सरांना फोटो टाकता येतो पण खाली मजकूर लिहायचा म्हटलं की हात आखडतो. मला मात्र त्यात मजा येते. मी पहिल्यापासून भोचक. जाहिरात टाकली की कोण वाचतं, कुठल्या शब्दाशी थांबतं, काय विचारतं, हे मी दिवसभर फोन उघडून बघत बसते.

आधीची जाहिरात साधी होती. कोर्सची, फीची माहिती, आणि अगदी शेवटी, 'अधिक वाचा'च्या पोटात, प्रमाणपत्राबद्दल एक ओळ. तिथंवर कुणी पोचत नव्हतं. मागच्या तुकडीतल्या एका मुलानं भरतीच्या अर्जाला आमच्या क्लासचं प्रमाणपत्र जोडलं आणि ते चाललं नाही. तो भांडायला आला नाही, नुसता समोर येऊन बसला. ते मला जास्त लागलं. या खेपेला मी ती ओळ उचलून सगळ्यात वर आणली.

"आमचं प्रमाणपत्र सरकारी भरतीत चालत नाही. त्यासाठीची संगणक परीक्षा वेगळी असते आणि ती मान्यताप्राप्त केंद्रावरच द्यावी लागते. आमचं प्रमाणपत्र दुकानात, दवाखान्यात काम मागताना दाखवता येईल, पण तिथंही तुम्हाला मशीनसमोर बसवून बघतील. नोकरीची हमी नाही. कोर्स तीन महिन्यांचा, सोमवार ते शनिवार, रोज दीड तास. बायकांची तुकडी दुपारी एक वाजता. पहिल्या महिन्यात फाइल ठेवणं-शोधणं, मराठी टायपिंग, अर्ज आणि पत्रं. दुसऱ्यात एक्सेलमध्ये हिशेब, बेरजा, तक्ते. तिसऱ्यात ईमेल, कागद स्कॅन करून पीडीएफ करणं, ऑनलाइन अर्ज, फोनवरची फसवणूक कशी ओळखायची, आणि शेवटी आमची परीक्षा. फी साडेचार हजार. प्रवेशाला पंधराशे, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला पंधरा-पंधराशे. दर हप्त्याची पावती मिळेल. हप्ता मागंपुढं होणार असेल तर आधी सांगा, वर्गात बसणं बंद होणार नाही."

सरांनी हे वाचलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, तुमी क्लास चालवायलाय का बंद करायलाय? खाली दुकानवाला पोत्यावर लिवतो का, हे खत टाकलं तरी पीक येईल असं न्हाई म्हणून?"

"लिहिलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणाले. सर हसले आणि फोटो टाकून मोकळे झाले. मनानं माणूस चांगला, फक्त घाबरट.

चार दिवस कुणी फिरकलं नाही. मग बाजाराच्या दिवशी एक बाई जिना चढून वर आली. तिशीच्या आतबाहेरची, हातात भाजीची पिशवी. फाट्यावरून आत असलेल्या एका गावची सून. खुर्चीत बसली नाही, दाराशीच उभी राहून बोलली.

"मॅडम, ती जाहिरात तुमीच लिवली का?"

"हो. काही समजलं नाही का?"

"समजलं. लय चांगलं समजलं. तेवढी पहिली ओळ काढता का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. आजवर लोकांनी फी कमी करा म्हटलं होतं, वेळ बदला म्हटलं होतं. खरी गोष्ट खोडा, असं पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मी तिला बळंच बसवलं आणि पाणी दिलं.

"तुम्हाला ते प्रमाणपत्र भरतीला लावायचंय का?"

"न्हाई हो. मला म्हाईत हाय ते चालत न्हाई. पण घरी म्हाईत न्हाई. नोकरीला उपयोगी पडतं म्हणलं तरच सासरे पाठवतील, असं वाटायलंय मला. ही ओळ कुणी त्यांना वाचून दाखवली तर संपलं. दुपारचा दीड तास मला कशाला सोडतील?"

"मग तुम्हाला शिकायचंय कशासाठी?"

ती जरा लाजली. "बारावीला शाळेत एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर कापड टाकलेलं असायचं. पाव्हणे आले की कापड काढायचे. आत काय असतं ते बघायचंच राहिलं."

मला ती एकदम आवडली. भोचक माणसाला भोचक माणूस भेटला की असंच होतं. त्या क्षणी तिच्यासाठी मी काहीही खोडलं असतं. ती गेल्यावर फोन उघडला, 'बदल करा' दाबलं आणि त्या ओळीवर बोट धरून बसले. खोडली तर ही बाई येईल. पण तिच्यासोबत आणखी कुणी तरी येईल, तीन महिने बसेल, अर्जाला आमचा कागद जोडेल आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन गप्प बसेल. मी बोट उचललं. ओळ राहिली. स्वतःचाच राग आला, आणि तो कुठल्या बाजूनं आला हेही नीट कळेना.

पंधरा दिवस तिचा पत्ता नव्हता. सर रोज विचारायचे, "आली का तुमची ती बाई?" तुकडी सुरू व्हायला दोन दिवस राहिले तेव्हा जिन्यात काठीचा आवाज आला. पुढं धोतर-टोपीतले एक म्हातारे, मागं ती. चेहरा उतरलेला. मी समजले, हेच सासरे. कुणीतरी वाचून दाखवलंच.

म्हातारे खुर्चीत बसले, दम घेतला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "हे तुमीच लिवलंय?"

"हो काका."

"नोकरी लागत न्हाई म्हणून?"

"या कागदावर सरकारी नोकरी लागत नाही. शिकायला मिळेल ते खरं शिकायला मिळेल. पण हमी नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. मनात म्हटलं, बाई, माफ कर.

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. "मग लिवा नाव."

सर शेजारच्या खोलीतून डोकावले.

"आमच्या मधल्या सुनेनं असंच काहीतरी केलं," म्हातारे सांगू लागले. "नोकरी लागली. आता दोघं नवराबायको परभणीला. सणाला येतेत, दुसऱ्या दिवशी जातेत. घरात माणूस राहीना. हिला म्हणलं, नोकरी लागणार असंल तर आपल्याला न्हाई जमायचं. हिनं हे दाखवलं. मी म्हणलं, एकदा विचारून घ्यावं. तुमी खरं सांगितलं, बरं झालं. शिकू द्या. घरचे अर्ज घरी होतील."

म्हणजे वाचून दाखवणारी तीच. मी चक्रावले. आनंद झाला, आणि त्याच श्वासात म्हाताऱ्यांची चीडही आली. सूनबाई शिकायला मोकळी, कारण त्या शिकण्यानं ती कुठं जाणार नाही. माझ्या खऱ्या ओळीचा असा उपयोग होईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण पंधराशे टेबलावर आले होते आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं दिसत होतं, म्हणून मी पावतीपुस्तक पुढं ओढलं.

म्हातारे सरांबरोबर खाली दुकानात खताचा भाव विचारायला गेले. काठीचा आवाज तळाशी पोचेपर्यंत ती थांबली. मग खुर्ची पुढं ओढून टेबलावर वाकली.

"मॅडम, ती दुसरी परीक्षा, सरकारी भरतीला चालणारी. तिचं केंद्र जिंतूरला हाय का परभणीला?"

"दोन्हीकडं आहे," मी म्हणाले.

"जिंतूरचं सांगा," ती म्हणाली, "तिकडं माझं माहेर हाय."