जाड कर्सर

माझ्या लॅपटॉपचा चार्जर जळाला, तिथून हे सगळं सुरू झालं. बीडात बसस्टँडमागं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारं सॉफ्टवेअर आम्ही शेतकऱ्यांना बसवून देतो. त्या दिवशी आमची नवी पोरगी रजेवर होती, म्हणून मी तिच्या मशीनवर बसलो. ती दिंद्रुडकडची. घरचे शेरडं राखतात, हंगामात ऊसतोडीला जातात. प्रोबेशनवर ठेवलेली होती आणि महिनाअखेरीस तिला कायम करायचं का घरी पाठवायचं, हे मालक ठरवणार होता.

मला पुण्यात नोकरीला होतो तेव्हापासून विमची खोड, म्हणजे माऊसशिवाय नुसत्या बटणांवर चालणाऱ्या एडिटरची. हात माऊसकडं गेला की माझं डोकंच तडकतं. म्हणून तिच्या एडिटरमध्ये मी विम मोड टाकला. त्यात दोन अवस्था कळल्या तरी पुरे. नॉर्मल मोडमध्ये अक्षरं उमटत नाहीत, प्रत्येक बटण हुकूम असतं, आणि कर्सर जाड ठोकळ्यासारखा दिसतो. i दाबलं की इन्सर्ट मोड, मग नेहमीसारखं टाइप होतं. Esc दाबलं की परत नॉर्मल. संध्याकाळी काम उरकलं आणि मी तसाच उठून घरी गेलो. मोड काढायचा राहिला. राहिला कसला, ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दारात येऊन म्हणाली की कर्सर जाड झालाय आणि सगळं सिलेक्ट होत नाही. मी फोनवर एका गिऱ्हाईकाशी हुज्जत घालत होतो. हातानंच तिला वाटेला लावलं. लई हुशार ना आम्ही!

तिला फक्त चौसाळ्याच्या रोपवाटिकेची फाइल उघडून, सगळी कॉपी करून व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरच्या पानावर चिकटवायची होती. सगळं सिलेक्ट करायला तिनं Ctrl आणि A दाबलं. नॉर्मल मोडमध्ये त्याचा अर्थ साफ वेगळा. कर्सरच्या ओळीत पुढं जो आकडा असेल, तो एकानं वाढतो. काही निळं झालं नाही म्हणून तिनं परत दाबलं. फाइल उघडते तेव्हा कर्सर पहिल्या ओळीवर असतो, आणि त्या ओळीत मोसंबीच्या रोपांचा व्हॉल्व्ह नंबर होता. दोनचा चार झाला. तेव्हाच ती मला विचारायला आली होती. मग बिचारीनं माऊसनं वरपासून खालपर्यंत ओढून कॉपी केलं आणि पाठवून दिलं.

चार नंबरचा व्हॉल्व्ह मोकळ्या वाफ्यावरचा. उन्हाळ्यात मोकळी जमीन पाणी पीत राहिली आणि वाफाभर रोपं करपली. रोपवाटिकेवाला ऑफिसात येऊन तोंडाला येईल ते बोलून गेला.

मालकानं तिला समोर उभं केलं. मालक माझा कॉलेजातला दोस्त, पण कामात कुणाचा नाही. ती एवढंच म्हणाली की तिनं आकड्याला हात लावला न्हाई. आणि मी काय केलं? मीच तडकलो. आकडा काय आपल्या पायानं चालत गेला का, असं सगळ्यांदेखत म्हणालो. मालक म्हणाला, सोमवारपासून येऊ नको. तिनं डब्याची पिशवी उचलली आणि गेली.

दुपारी ती फाइल दुरुस्त करायला मी तिच्या खुर्चीत बसलो. समोर जाड कर्सर. Ctrl आणि A दाबलं. चारचा पाच झाला. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मालकाला बोलावून डोळ्यांदेखत दाखवलं. Ctrl ची बटणं एडिटरकडंच ठेवायची सेटिंग विममध्ये असते. ती एक ओळ मी टाकली असती तरी भागलं असतं, हेही सांगितलं. वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार.

तो हसला. "अबे, होतं असं. तुझी जुनी सवय हाय ती."

बस्स. चूक तिची वाटली तेव्हा तिची नोकरी गेली, माझी निघाली तर ती सवय झाली. मी म्हणालो, तिला आत्ता फोन कर आणि तूच कर. त्यानं केला.

सोमवारी ती आली. मी तिच्या मशीनवरून विम काढून टाकला होता. Ctrl आणि A दाबून दाखवलं, सगळं निळं झालं. चूक माझी होती, तुझी नव्हती, असंही बोललो, त्याच सगळ्यांदेखत. तिनं मान हलवली.

"सर, मी त्या दिवशी तुमाला विचाराया आलते," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "आली होतीस."

महिनाअखेरीस तिला कायम केलं. अजूनही तिला सगळी फाइल उचलायची असली, की ती माऊसनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ओढत नेते, आणि मग पहिल्या ओळीतला आकडा बोट ठेवून वाचते. मी समोरच्या टेबलावर असतो. तिनं मान वर केली की हातातला फोन खाली ठेवतो.