हरण्याची चाल

वालूरच्या उमाजीला चालण्याचा भारी अभिमान. साठी उलटली तरी मेंढरांमागं रोज चार-पाच कोस सहज जायचा. म्हणून कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं तीन महिन्यांचं पिल्लू घरी आलं, तेव्हा त्याला पायपीट शिकवायची, हे त्यानं लगोलग ठरवून टाकलं. लांब पायांचं, हरणाच्या रंगाचं पिल्लू. नाव ठेवलं हरण्या.

दुसऱ्या दिवसापासून हरण्या कळपामागं निघाला. सकाळी निघालेलं पिल्लू दिवस मावळता घरी यायचं, ते पाणी पिऊन पडेल तिथं झोपायचं. उमाजीची बायको कासाबाई कुरकुरायची, "आवो, लेकरू हाय ते. दमायलंय."

"दमू दे की. त्याशिवाय लांडग्याला भारी पडंल का?"

शेजारच्या भुजंगानं आणखी एक अक्कल दिली. मोटारसायकलमागं पळवलं की छाती भरते म्हणे. मग रोज सकाळी भुजंग गाडी हळू चालवायचा, उमाजी मागं बसून दोरी धरायचा आणि हरण्या देवगाव फाट्याच्या डांबरी रस्त्यावर पळायचा. पिल्लू मागं राहत नाही, हे बघून उमाजीची मान ताठ व्हायची.

पाचव्या महिन्यात एका सकाळी हरण्या उठेना. उठला तो पुढचा उजवा पाय उचलून. उमाजीनं पंजा धुतला, बोटांच्या फटी चाचपल्या. काटा नव्हता. मनगटाला मात्र हात लागताच पिल्लू कळवळलं. चार दिवस गेले. थोडं चाललं की लंगडणं वाढायचं. भुजंग म्हणाला, "माणसाची दुखायची गोळी अर्धी द्या."

कासाबाईनं ती गोळी त्याच्या हातातून काढून घेतली. "आदी दवाखान्यात न्या. मंग काय ते द्या."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर राजेश्री होत्या. त्यांनी हरण्याला चालवून बघितलं, एकेक सांधा हलकेच वाकवला. परभणीहून पायाचा एक्स-रे फोटोही काढून आणायला लावला. फोटो बघून म्हणाल्या, "मोडलेलं नाही, मामा. नशीब चांगलं. रोज किती चालवता?"

उमाजीनं छाती फुगवूनच सांगितलं. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

"मामा, कोकरू किती दिवसांचं झालं की रानात नेता?"

"बारकं कोकरू कोण नेतंय, बाई! वाड्यातच ऱ्हातंय. पाय कवळे असतेत त्याचे."

बोलता बोलता उमाजी थांबला. पिल्लाकडं बघतच राहिला.

"याचेही तसेच," बाई म्हणाल्या. "हाडाची टोकं अजून मऊ आहेत, तिथूनच हाड वाढतं. कडक रस्त्यावर तासन् तास पळवलं की त्या टोकांना आणि सांध्याला मार बसतो. वेळीच थांबलं नाही तर पाय वाकडा होतो. पिल्लू स्वतः थांबत नाही. ते तुमच्या मागं येणारच."

उमाजीचा चेहरा पडला. "म्या लय वंगाळ केलं की वो."

"आता नीट करू. माणसाची गोळी मात्र चुकूनही देऊ नका, कुत्र्याला बाधते."

तीन आठवडे विश्रांती, सांगितलं तेवढंच औषध. पुढं मऊ मातीत वीस-पंचवीस मिनिटांचा फेरा, दिवसातून दोनदा. तोही अंदाजाचा, पिल्लू रेंगाळलं की तिथंच थांबायचं. उंचावरून उड्या नाहीत, अंगावर चरबी चढू द्यायची नाही. "पण डांबूनही ठेवू नका. मोकळं खेळू द्या. दमलं की बसतं ते आपोआप," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर खरी पंचाईत झाली. मेंढरं निघाली की हरण्या दोरी ताणून गळा काढायचा. उमाजीचा पाय उंबऱ्यातच अडायचा. शेवटी कासाबाईनं हरण्याला कोकरांच्या वाड्यात, जाळीपलीकडं बांधलं. तीन आठवड्यांनी पाय जमिनीवर नीट टेकू लागला, तशी जाळी निघाली. मग काय! कोकरं त्याच्या अंगावर चढायची, हा लोळायचा, मध्येच सावलीला जाऊन झोपायचा. फेऱ्याला कासाबाई सोबत जायची, वेळ मोबाइलवर लावायची. घंटी वाजली की अर्ध्या वाटेवरूनही उमाजीला परत फिरवायची.

"अगं, त्या नांगरटीपतोर तरी जाऊ दे."

"तुमी जावा. हरण्या माघारी येतोय."

चालण्यात आख्ख्या गावाला हरवणारा उमाजी निमूट वळायचा. पारावरचे लोक हसायचे, तसा तोही हसायचा. भुजंगानं पुन्हा गाडीचं नाव काढलं, तेव्हा उमाजीनं त्याला बसवून घेतलं आणि हाडाच्या मऊ टोकांबद्दल इतकं ऐकवलं, की चहा गार झाला.

हरण्या सव्वा वर्षाचा झाला. बाईंनी पुन्हा चारी पाय तपासले, म्हणाल्या, "आता न्या. पण एकदम चार कोस नको, हळूहळू वाढवा."

पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंत, आठवड्यानं पलीकडच्या गायरानापर्यंत. दीड महिन्यानं तो दिवसभर कळपाबरोबर राहिला. त्या दुपारी माळावर एक उपरं कुत्रं कळपाकडं सरकलं. उमाजीनं काठी उचलायच्या आत हरण्या लांबच लांब ढांगा टाकत त्याच्यावर गेला आणि ओढ्यापार पिटाळून आला. उमाजीनं आधी त्याचं पुढचं मनगट दाबून बघितलं. हरण्यानं हूं की चूं केलं नाही, हात चाटला. उमाजीनं फोन लावला.

"कासे, पळाला गं! चारी पायावर पळाला!"

"मंग आता सावलीला बसवा त्याला," कासाबाई म्हणाली. "आन् तुमीबी बसा."