हिरव्याला हात लावायचा नाही

ऑफिसात तिला सगळे 'चाळणी' म्हणत. फ्रेंच शिकली कविता वाचायला, आणि नशिबी आल्या झडपा नि वॉशर. आता भाषांतर यंत्र करी आणि ही त्याच्यामागून झाडू मारी. यंत्र मोठं हुशार. एकाच झडपेला एका पानात तीन नावं देई, आणि फ्रेंच लोक दशांश स्वल्पविरामाने लिहितात म्हणून २,१ बारचा दाब बिनधास्त २१ करून ठेवी.

पण या चुका ओरडतात, म्हणून सापडतात. चाळणीला धास्ती गोड बोलणाऱ्या वाक्यांची. म्हणून ती मराठीचा रकाना झाकून आधी फ्रेंच वाचायची.

"बाई, नुसतं मराठी वाचा," साहेब म्हणाले. "खटकलं तर दुरुस्त करा. तुमच्या वेगात गोगलगाय पुढे जाईल. असंच चाललं तर पुढचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

या वेळी हातात होतं हॉस्पिटलात उपकरणं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं माहितीपुस्तक. एक वाक्य हिरव्या रंगात, कुलूपबंद आलं. हिरवं म्हणजे आधीच्या पुस्तकात कुणीतरी मंजूर केलेलं. त्याला हात लावायचा नाही. 'चक्र संपल्यावर दार उघडा.' किती सुरेख, किती सुटसुटीत. फ्रेंचमध्ये मात्र होतं, दाब शून्यावर उतरेपर्यंत थांबा, मगच दार उघडा. मधलं थांबणं भाषांतराच्या यंत्राने गिळलं होतं, आणि वाचणाऱ्याला काहीच खटकलं नव्हतं.

आधीचं पुस्तक गेलं होतं तिच्या नणंदेच्या हॉस्पिटलात. तिने फोन लावला.

"वन्सं, त्या वाफेच्या यंत्राचं दार कधी उघडता?"

"काटा शून्यावर आला की. का गं?"

"पुस्तकात तसं नाहीये."

"पुस्तक वाचतंय कोण? जुनं यंत्र आहे, दाब असताना दार अडवणारा अडसर कधीच मोडलाय. सोमवारी दोन नवीन पोरी येतायत, त्यांना देईन वाचायला."

चाळणी उठून साहेबांच्या टेबलाशी गेली आणि ते हिरवं वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं.

"काही खटकतंय?"

"छे. उत्तम मराठी आहे."

"चक्र संपलंय. काय कराल?"

"दार उघडीन."

"काटा अजून दोनवर आहे. तोंडावर वाफ येईल. हे फ्रेंच."

साहेबांनी फ्रेंचकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फ्रेंच त्यांना येत नव्हतं. भीती मात्र सगळ्या भाषांत कळते. कुलूप निघालं. हॉस्पिटलला दुरुस्तीचं पत्र संध्याकाळच्या आत गेलं, साहेबांच्या सहीने. चाळणीने वन्संना फोनवरून पुन्हा बजावलं, कारण पत्र वाचतंय कोण.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली : 'हिरवी वाक्येही मूळ फ्रेंचशी ताडून पाहावीत. वेग कमी होऊ नये.'

चाळणीने ती वाचली, रकाना झाकला आणि गोगलगायीच्या चालीने कामाला लागली.