खांद्यावरचं बाळ

बालरुग्णांच्या दवाखान्यात वजन करणाऱ्या सिस्टरला पाठीमागे सगळे ‘काटा’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. बावीस वर्षं ती त्याच काट्यापाशी उभी होती. नवरा गेला, मुलगी दूर नांदायला गेली, गुडघे कुरकुरू लागले, पण तिचा खांदा मात्र तसाच राहिला. कितीही किंचाळणारं पोर त्या खांद्यावर उभं धरून दोनदा थोपटलं की गप्प. डॉक्टरांना गोंगाट सहन होत नसे, म्हणून प्रत्येक पोर ती असं गप्प करूनच आत नेई. आया थक्क होत. ती त्यांच्याकडे बघून म्हणे, एवढंही जमत नाही का गं तुम्हाला?

एका तरुण आईचं बाळ पहिल्यांदा आलं तेव्हा महिन्याचं होतं. शिलाईकाम करणारी, हडकुळी, पहिलटकरीण. तिने सांगितलं की आडवं ठेवलं की बाळ श्वास आत घेताना गळा दाबलेला कोंबडा ओरडतो तसा आवाज करतं. उचललं की कमी होतो. दूध पिताना मध्येच तोंड काढून धापा टाकतं. सिस्टरने पोर खांद्यावर घेतलं, थोपटलं, आवाज बसला. आत डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तीही पोर सिस्टरच्या खांद्यावर असतानाच, कारण ते झोपलं होतं आणि बाहेर रांग होती. छाती साफ होती.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. वजन चार किलो शंभर. या वेळी ती म्हणाली की गळ्याखाली खळगा पडतो आणि एकदा ओठ निळे झाले होते. आत गेल्यावर तिची बोबडी वळते, म्हणून सिस्टरनेच सांगावं. सिस्टर हसली. रांगेतल्या चार बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “मशीनवर शिवत बसतेस, घरघर तुझ्या कानात बसलीय. पोरात नाही.” बायकाही हसल्या. पोर खांद्यावर गप्प होतं. आत सिस्टर एवढंच म्हणाली, “आईला आवाज येतात.”

आणखी तीन आठवडे गेले. काट्यावर आकडा आला, चार किलो शंभर.

सिस्टरने बाळ उचललं, एक किलोचं वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. पुन्हा बाळ ठेवलं. तेवढ्या वेळात, पाठीवर, तिच्या डोळ्यांदेखत तो आवाज सुरू झाला. बावीस वर्षांत तिने असा आवाज बाहेर किती वेळा दाबला असेल, याचा हिशेब तिच्याने मांडवेना.

हात सवयीने पुढे झाले. तिने ते मागे घेतले.

ती बाळ तसंच आत घेऊन गेली आणि तपासणीच्या टेबलावर उताणं ठेवलं. बाळ रडू लागलं. रडण्याच्या मधल्या प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा चिरका आवाज, गळ्याचा खळगा खोल, बरगड्यांच्या फटी आत. आई धावली. सिस्टरने तिचं मनगट पकडलं.

“थांब. बघू दे त्यांना.”

“मरेल तो!”

“नाही बघितलं तर मरेल.”

डॉक्टरांनी बाळाच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावरचा आकडा घसरू लागला तसं त्यांनीच बाळ उचलून आईच्या हातात उभं दिलं. आवाज उतरला. ऑक्सिजनची नळी नाकापाशी धरत त्यांनी विचारलं, दूध पिताना दम लागतो? निळं पडतं? मध्येच श्वास थांबतो?

“हे सगळं मी यांना सांगितलंय,” आई म्हणाली. आवाज चढवलाही नाही.

डॉक्टर म्हणाले, बहुधा स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ आहे, श्वास घेताना तोच आत ओढला जातो. आडवं ठेवलं, रडलं, पीत असलं की जास्त. बऱ्याच बाळांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, फक्त वजनावर लक्ष ठेवायचं. पण याचं वजन थांबलंय, छाती आत ओढली जातेय, निळं पडलंय. याच्या बाबतीत थांबायचं नाही. आजच मोठ्या रुग्णालयात न्या, नाकातून दुर्बीण घालून बघतील, गरज पडली तर शस्त्रक्रिया करतील. पालथं झोपवू का, आईने विचारलं. नाही, ते म्हणाले, पाठीवरच, आणि तिथे पोचेपर्यंत हातात उभं धरा.

मग त्यांनी चिठ्ठीचा कागद सिस्टरपुढे सरकवला. आधीच्या तक्रारी लिहा, कधीपासून, काय काय.

तिचं अक्षर सुंदर होतं. तिने लिहिलं: सहा आठवड्यांपासून. आडवं असताना आवाज. दूध पिताना दम. पुढे लिहिलं: ओठ निळे, तीन आठवड्यांपूर्वी. कोणाला सांगितलं, याला रकाना नव्हता.

रुग्णवाहिकेच्या पायरीशी आईला चढायला जमेना, एका हातात बाळ, दुसऱ्यात ऑक्सिजनचं नळकांडं. सिस्टरने खांदा पुढे केला.

“नको,” आई म्हणाली. “तुमच्याकडे तो गप्प होतो.”